नाळेतलं रक्त साठवायचं की बाळाकडे जाऊ द्यायचं?

प्रश्न: मी इंदूरची. आठवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. माझं हिमोग्लोबिन 9.8 आहे. कॉर्ड ब्लड बँकेच्या प्रतिनिधी दोनदा घरी येऊन गेल्या. त्या म्हणतात, नाळेतलं रक्त साठवलं तर पुढे बाळाला 80 हून जास्त आजारांत उपयोगी पडतं. आमच्या डॉक्टर म्हणतात, नाळ दोन-तीन मिनिटं थांबून कापू. सासूबाईंना भीती वाटते की उशिरा कापली तर माझंच रक्त कमी होईल आणि बाळाला कावीळ होईल. दोन्ही करता येईल का? नाहीतर काय करावं?

उत्तर:

ताई, दोन्ही पूर्णपणे होत नाही. बँकेच्या पिशवीत जाणारं आणि थांबल्यावर बाळाकडे जाणारं रक्त एकच आहे. एकीकडे जास्त गेलं की दुसरीकडे कमी. मी इंदूरमध्ये नवजात बाळांचाच डॉक्टर आहे आणि माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या घरी थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असलेलं आधीचं मूल नसेल, तर ते रक्त बाळाकडे जाऊ द्या. कारण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे घरी सगळ्यांशी बोलायला सोपं जाईल.

आधी सासूबाईंची शंका, कारण ती अनेक घरांत असते. नाळेत आणि वारेत बाळाच्या बाजूने फिरणारं रक्त बाळाचं स्वतःचं असतं, आईचं नव्हे. वारेत आईचं रक्त आणि बाळाचं रक्त पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतं. ऑक्सिजन आणि अन्नद्रव्यं त्या पडद्यातून पलीकडे जातात, पण रक्त मिसळत नाही. म्हणून नाळ थांबून कापल्याने तुमचं 9.8 चं 9.7 सुद्धा होणार नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबण्यामुळे वाढतो का, हेही अनेक अभ्यासांत तपासलं गेलंय आणि तसं आढळलेलं नाही. गर्भाशय आवळण्यासाठीचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात देतात. ते नाळ कापायच्या आधी दिलं तरी चालतं, त्यासाठी घाईने नाळ कापायची गरज नसते.

आता ते रक्त किती असतं ते बघू. बाळ जन्मतं त्या क्षणी बाळ आणि वार मिळून जेवढं रक्त फिरत असतं, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग वारेत असतो. बाळ रडतं, फुफ्फुसं फुलतात, फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या उघडतात आणि त्यांना भरायला रक्त लागतं. ते वारेतून येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात सुमारे 80 मिलिलीटर आणि तीन मिनिटांपर्यंत सुमारे 100 मिलिलीटर मिळतं. ऐकायला थोडं वाटतं, पण 2.8 किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच 200 ते 250 मिलिलीटर असतं.

लेबर रूममध्ये हे डोळ्यांना दिसतं. बाळ बाहेर येतं तेव्हा नाळ जाड, फुगलेली, निळसर आणि वेणीसारखी पीळ पडलेली असते. दोन बोटांत धरली की ठोके लागतात. मिनिट-दीड मिनिटात ठोके मंदावतात, नाळ हळूहळू पांढरट होते, चपटी आणि लोंबकळती होते. तिचं काम संपत आल्याची ती खूण. लगेच क्लॅम्प लावला तर ती तशीच फुगलेली राहते आणि ते रक्त वारेबरोबर टाकलं जातं, किंवा सुई लावून पिशवीत भरलं जातं.

बाळाला याचा फायदा मुख्यतः लोहाचा. हा हिशेब मी तुमच्याच बाळाचा समजून मांडतो. वजन 2.8 किलो धरू. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन 16 च्या आसपास असतं, म्हणजे 80 मिलिलीटर रक्तात जवळपास 13 ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि त्यात सुमारे 43 मिलिग्रॅम लोह. आता बाळाच्या अंगातलं सगळं लोह बघा. जन्मताना ते किलोमागे सुमारे 75 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 2.8 किलोला 210. त्यात 43 ची भर म्हणजे एक पंचमांश वाढ, आणि तीही कुठलं औषध न देता.

ही भर पुढे कुठे लागते तेही बघू. सहा महिन्यांचं बाळ सात किलोच्या आसपास येतं. रक्त वाढतं, स्नायू वाढतात. सात किलोच्या बाळाचं हिमोग्लोबिन नुसतं 11 वर ठेवायचं तरी रक्तातच 195 मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं. स्नायू आणि इतर अवयवांसाठी आणखी सुमारे 50. झाले 245. बाळ निघालं होतं 210 घेऊन. आईच्या दुधातलं लोह पचायला उत्तम, पण असतं फारच थोडं. जे मिळतं ते आतड्यातून आणि त्वचेतून रोज जे जातं ते भरून काढण्यातच जवळजवळ संपतं. म्हणजे पहिले सहा महिने बाळ मुख्यतः जन्मतः मिळालेल्या शिल्लकीवर वाढतं. 210 मध्ये तूट येते, 253 मध्ये येत नाही. प्रत्येक बाळात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण फरक याच दिशेचा असतो. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणून तुमच्या बाळाला ही भर जास्तच मोलाची. आई ॲनिमिक असेल तर बाळाचा साठा मुळात थोडा कमी असण्याची शक्यता असते.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. मेक्सिको सिटीतल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मिनिटं थांबलेल्या बाळांचा लोहसाठा सहा महिन्यांनी सरासरी 27 मिलिग्रॅमने जास्त निघाला. स्वीडनच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, म्हणजे चांगलं खाणाऱ्या-पिणाऱ्या समाजात, तीन मिनिटं थांबलेल्या बाळांमध्ये चार महिन्यांनी लोहाची कमतरता 0.6 टक्क्यांना होती, लगेच नाळ कापलेल्यांमध्ये 5.7 टक्क्यांना. आपल्या परिस्थितीला जवळचा अभ्यास नेपाळचा. तिथे आठ महिन्यांच्या बाळांत ॲनिमिया इतका सर्रास होता की थांबूनही 73 टक्के बाळांना तो होताच, पण लगेच कापलेल्यांमध्ये तो 82 टक्के होता. मला या अभ्यासातून दोन्ही गोष्टी दिसतात. थांबल्याने फरक पडतो, आणि नुसत्या थांबण्याने काम संपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या 72.7 टक्के मुलांना ॲनिमिया आढळला. अशा ठिकाणी ही दोन मिनिटं वाया घालवायला माझं मन होत नाही. केंद्र सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही नाळ उशिरा कापणं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. तुमच्या डॉक्टर काही वेगळं करत नाहीयेत.

आता कावीळ. यात सासूबाई पूर्ण चूक नाहीत. जन्मानंतरच्या आठवड्यांत बाळाच्या जास्तीच्या लाल पेशी मोडतात. त्यातलं लोह शरीर फेरिटिनच्या रूपात साठवतं आणि उरलेल्या भागाचं बिलिरुबिन होतं, ज्यामुळे बाळ पिवळं दिसतं. म्हणजे लोहाचा साठा आणि पिवळेपणा एकाच पेशी मोडण्यातून येतात. थांबलेल्या बाळांमध्ये फोटोथेरपी लागण्याचं प्रमाण किंचित वाढतं, शंभरात एखाद-दोन बाळांनी. ती निळ्या दिव्याखाली बरी होणारी कावीळ असते. पण तपासणी चुकवायची नाही. घरी सोडताना बिलिरुबिन बघून घ्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा दाखवा. पिवळेपणा मांड्या-पायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, तर त्याच दिवशी घेऊन या. खिडकीतल्या कोवळ्या उन्हावर विसंबून राहू नका. तुमचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, त्या बाळांचं बिलिरुबिन जास्त लवकर बघावं लागतं.

आता पिशवीची बाजू. नाळेच्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात, हे खरंच. 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि तो बरा झाला. तेव्हापासून जगभर हजारो मुलांना असे प्रत्यारोप झाले. बोन मॅरोच्या तुलनेत नाळेच्या रक्तात जुळणी थोडी कमी असली तरी चालते, हा त्याचा मोठा गुण. ही विद्या मला मोलाची वाटते. पण त्या पहिल्याच उदाहरणात रक्त बहिणीचं होतं, मुलाचं स्वतःचं नव्हतं. जाहिरातीत हीच गोष्ट पुसट होते. त्या 80 आजारांच्या यादीतले बहुतेक प्रत्यारोप दुसऱ्या, निरोगी माणसाच्या पेशींनी होतात.

स्वतःचंच रक्त का चालत नाही? थॅलेसेमिया, सिकल सेल किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार बाळाच्या जनुकांत असतात, म्हणजे साठवलेल्या पेशींतही तोच दोष असतो. त्या परत दिल्या तर आजार तसाच राहतो. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही अडचण आहे. पुढे ल्युकेमिया झालेल्या काही मुलांच्या जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या जुन्या ठिपक्यांत कर्करोगाची सुरुवातीची खूण सापडली आहे, म्हणजे ती पेशी नाळेच्या रक्तातही असू शकते. शिवाय परक्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगाच्या पेशींवर जो हल्ला चढवतात तो स्वतःच्या पेशी चढवत नाहीत, आणि ल्युकेमियाच्या प्रत्यारोपाचा बराचसा जोर त्या हल्ल्यात असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2018 च्या निवेदनात मूल स्वतःचंच साठवलेलं रक्त वापरेल याची शक्यता 2,500 मध्ये एक ते 2 लाखांत एक अशी दिली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही पुढे स्वतःसाठी म्हणून खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

दुसरी मर्यादा मात्रेची. प्रत्यारोपासाठी रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे केंद्रक असलेल्या किमान सुमारे 2.5 कोटी पेशी लागतात. नाळेच्या एक मिलिलीटर रक्तात ढोबळमानाने एक कोटी. म्हणजे 80 मिलिलीटर भरलेली चांगली पिशवी 32 किलोच्या मुलापर्यंत पुरते, तेही गोठवताना-वितळवताना होणारी घट न धरता. 60 किलोच्या माणसाला ती एकटी पुरत नाही. तुमचं बाळ विशीत गेल्यावर ती पिशवी त्याला पुरेल, हे गृहीतच टिकत नाही. शिवाय नाळेच्या रक्ताने नवं रक्त तयार व्हायला बोन मॅरोपेक्षा जास्त दिवस लागतात. तेवढे दिवस रुग्ण संसर्गाच्या धोक्यात असतो. आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मॅरोवरही प्रत्यारोप होतात, त्यामुळे नाळेच्या रक्ताची गरज पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी यांचं नावही त्या प्रतिनिधींनी घेतलं असेल. हे अजून संशोधनाच्या पायरीवर आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑटिझमच्या चाचणीत नाळेचं रक्त दिलेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात, जे मुख्यतः मोजायचं होतं, न दिलेल्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही.

आता "थांबूनही पिशवी भरू" हे आश्वासन. दोन-तीन मिनिटं थांबल्यावर वारेत उरतं ते कमी असतं आणि गोठायलाही लागलेलं असतं. वरच्याच हिशेबाने, 30-40 मिलिलीटर निघालं तर ती पिशवी 12-16 किलोच्या मुलाला पुरेल, म्हणजे तीन-चार वर्षांच्या. सार्वजनिक बँका अशी पिशवी सहसा ठेवतच नाहीत. खासगी साठवणुकीत पैसे कुटुंबाचे, म्हणून ती ठेवली जाऊ शकते आणि तुम्हाला फक्त "यशस्वीरीत्या साठवली" असा कागद मिळतो. कुणी साठवलंच असेल तर त्या कागदावर केंद्रक असलेल्या एकूण पेशी, सीडी34 म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, जिवंत पेशींचं प्रमाण आणि जंतुसंसर्गाच्या कल्चरचा निकाल आहे का ते बघावं. हे चार आकडे नसतील तर पिशवीत काय आहे ते कळायला मार्ग नाही. आणखी एक गोष्ट मी लेबर रूममध्ये पाहिली आहे. पिशवी घेऊन माणूस शेजारी उभा असला की नकळत हात लवकर क्लॅम्पकडे जातो. कुणी वाईट हेतूने करत नाही, पण मिनिटं कमी होतात.

अपवाद एकच, आणि तो आपल्या इंदूरमध्ये दुर्मीळ नाही. सिंधी समाजात थॅलेसेमियाचं जनुक जास्त आढळतं, इतरांतही आहेच. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात मोठ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आई पुन्हा गरोदर राहिली. अशा घरात नव्या बाळाचं रक्त मोठ्या बहिणीला जुळण्याची शक्यता चारात एक, आणि बाळाला स्वतःला आजार नसण्याची चारात तीन. हे दोन्ही वेगवेगळ्या क्रोमोसोमवर ठरतं, म्हणून दोन्ही साधण्याची शक्यता सोळात तीन. आईने गर्भाची थॅलेसेमियाची तपासणी 11 व्या-12 व्या आठवड्यात करून घेतली आणि प्रत्यारोप करणाऱ्या डॉक्टरांशी बाळंतपणाआधीच बोलणं झालं. तिथे नाळेचं रक्त घेणं मला योग्य वाटतं, कारण रुग्ण आज समोर आहे. तरी तिथेही आम्ही बाळाला पूर्ण उपाशी ठेवत नाही. थोडं थांबून मग रक्त घ्यायचं ठरलं, कारण पिशवी कमी भरली तर बाळ एक-दोन वर्षांचं झाल्यावर त्याचा थोडा मॅरो घेऊन ती उणीव भरून काढता येते. तुमची आणि यजमानांची थॅलेसेमियाची एचबी ए2 तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. पिशवीपेक्षा हा खर्च फार कमी आहे.

बाळंतपणाच्या दिवशी काय व्हावं तेवढं सांगतो. घड्याळ बाळाचं डोकं दिसल्यापासून नाही, पूर्ण बाळ बाहेर आल्यापासून लावायचं, आणि सिस्टरने मिनिटं मोठ्याने म्हणायची. बाळ तुमच्या पोटावर-छातीवर ठेवायचं, कोमट टॉवेलने पुसायचं, ओला टॉवेल काढून कोरडा घालायचा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते, तेव्हा हे जास्तच सांभाळावं लागतं. बाळ वारेच्या पातळीखाली धरायची गरज नाही. अर्जेंटिनातल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजून पाहिलं आहे, पोटावर ठेवूनही तेवढंच रक्त जातं. सिझेरियन झालं तरी मिनिटभर थांबता येतं, म्हणून सर्जनला आधी सांगून ठेवा. पण बाळ पाठ चोळूनही श्वास घेत नसेल, वार आधीच सुटून रक्त वाहत असेल किंवा तुम्हाला जोराचा रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर लगेच नाळ कापतील आणि तेच बरोबर. अशा वेळी कुणी मध्ये पडू नका. बाळाला लोह नंतर औषधाने देता येतं.

ते औषध सहा महिन्यांनंतर सगळ्याच बाळांना लागतं: सरकारी केंद्रात मिळणारं लोहाचं सिरप, आठवड्यातून दोनदा एक मिलिलीटर. बाळाचं जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी निघालं तर त्याआधीच सुरू करायचं, किती ते बालरोगतज्ज्ञ वजनावर ठरवतील. आणि वर्षाच्या आत गाईचं किंवा पिशवीचं दूध प्यायला देऊ नका. त्यात लोह फारच थोडं असतं, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्त जातं. जन्माच्या वेळी कमावलेलं लोह मी सर्वांत जास्त वेळा इथेच गेलेलं पाहतो.

तुमच्या 9.8 साठी गोळ्या चालू ठेवा, चहाबरोबर घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांत वाढलं नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रतिनिधींना बुकिंगचे पैसे दिले असतील तर बाळंतपणाआधी रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी मागून घ्या, आणि फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून "नाळ दोन-तीन मिनिटांनी, कॉर्ड ब्लड घ्यायचं नाही" असं लिहून घ्या, कारण रात्री ड्यूटीवर दुसरीच सिस्टर असू शकते.